पिवळे तळहात, पांढरे डोळे

"मी ३३ वर्षांची, नागपुरात राहते. दिवाळीनंतर बाजारात गाजरं आली तेव्हापासून सकाळी दोन आणि संध्याकाळी एक असे तीन मोठे ग्लास गाजराचा रस रोज घेते. नणंदेचं लग्न आहे, चेहरा उजळावा म्हणून सुरू केलं होतं. चार वर्षांच्या मुलालाही अर्धा ग्लास देते. आता माझे तळहात-तळपाय पिवळेजर्द झालेत. सासूबाई म्हणतात कावीळ आहे, उतरवून घे. मैत्रीण म्हणते अंगात अ जीवनसत्त्व जास्त झालं, गाजराच्या रसाने एक माणूस मेला होता असं तिने वाचलंय. दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे, म्हणून जीव घाबरा झालाय. मैत्रिणीचं म्हणणं, रस सोड आणि अ जीवनसत्त्वाची २५,००० युनिटची कॅप्सूल रोज एक घे, ती मोजून तरी घेता येते. स्ट्रिप आणून ठेवली आहे, अजून फोडली नाही. आईला मधुमेह आहे. काय करू?"

ताई, ती स्ट्रिप फोडू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते. तुमच्या पत्रात काळजी करण्यासारखी गोष्ट तेवढी एकच आहे. तुम्हाला भीती रसाची वाटते आणि भरवसा कॅप्सूलचा वाटतो, आणि हे मला नेमकं उलटं करून हवं आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे पत्र वाचून निदान करणार नाही. पण एक गोष्ट तुम्ही घरीच पाहू शकता. उद्या सकाळी खिडकीपाशी, उन्हाच्या उजेडात उभ्या राहा. ट्यूबलाइटखाली किंवा बल्बखाली नको, त्या उजेडात रंग फसवतात. खालची पापणी बोटाने ओढा, वर बघा, आणि सासूबाईंना डोळ्यांचा पांढरा भाग बघायला सांगा. तो दुधासारखा स्वच्छ दिसला, तर हा पिवळेपणा कावीळीचा असण्याची शक्यता फार कमी. कावीळीत बिलिरुबिन हे रंगद्रव्य वाढतं, आणि ते डोळ्यांच्या पांढऱ्या पडद्यात लवकर दिसतं. बहुतेकदा त्वचेवर रंग चढण्याआधीच डोळे सांगून जातात. गाजराचा रंग तिथे धरत नाही.

तो धरतो कुठे, ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. रसातलं बीटा कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य रक्तातून घामात आणि त्वचेच्या तेलकट स्रावात उतरतं आणि त्वचेच्या वरच्या मृत थरात मुरतं. हा थर तळहातांवर आणि तळपायांवर सगळ्यात जाड, म्हणून रंग तिथे आधी दिसतो. मग नाकाचा शेंडा, कपाळ, नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात चेहऱ्यावरचा फरक बऱ्याचदा कळतही नाही, तळहात मात्र लपत नाहीत. याला कॅरोटिनेमिया म्हणतात. १९१९ साली न्यू यॉर्कच्या हेस आणि मायर्स या दोन संशोधकांनी गाजर खाणाऱ्या बाळांवरून या प्रकाराचं वर्णन करून त्याला नाव दिलं. तेव्हाही पहिली शंका कावीळीचीच होती.

कावीळीची आणखी लक्षणं तुम्ही पडताळून पाहा. सकाळची पहिली लघवी कडक कोऱ्या चहासारखी गडद होते का, शौचाचा रंग मातकट-फिका झाला का, अंगाला खाज सुटते का, जेवणावरची वासना उडाली का, ताप येतो का. यातलं एकही असेल किंवा डोळे पिवळट दिसत असतील, तर पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यातलं काहीही नसलं तरी एकदा रक्ताची लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या, म्हणजे घरातला वाद मिटेल. कॅरोटिनेमियात बिलिरुबिन नॉर्मल येतं. 'उतरवून घ्यायला' मात्र जाऊ नका. माळ गळ्यात घातल्याने काही बिघडत नाही, पण तिथे कसला तरी पाला वाटून प्यायला देतात, आणि त्यात काय आहे हे देणाराही सांगू शकत नाही. निरोगी यकृताला असलं काही पाजण्याचं कारण नाही.

आता मैत्रिणीच्या म्हणण्याकडे येऊ. ती तुमचं वाईट चिंतत नाही, आणि तिचा हिशेब कागदावर खरा वाटावा असाच आहे. तो मी तुमच्यासमोर मांडते, कारण चूक नेमकी त्या हिशेबातच आहे.

तीन मोठे ग्लास म्हणजे साधारण ७५० मिली रस, त्यासाठी रोज सव्वा ते दीड किलो गाजरं लागत असतील. १०० मिली रसात साधारण ९ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. म्हणजे तुमच्या पोटात रोज ६५ ते ७० मिलिग्रॅम जातं. रोज ३० मिलिग्रॅमच्या वर काही आठवडे घेतलं की तळहात पिवळे होऊ लागतात, तेव्हा तुमचे झाले यात नवल नाही. आपल्याकडची हिवाळी लाल गाजरं असतील तर त्यांत लायकोपीन हे लाल रंगद्रव्यही असतं, त्याची छटा जरा तांबूस येते. आता पोषणशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की आहारातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व तयार होतं. तुमच्या ६८ मिलिग्रॅमला १२ने भागलं की साडेपाच हजार मायक्रोग्रॅमच्या वर आकडा जातो. मोठ्या माणसासाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम. झालं, मैत्रीण म्हणणार, दुप्पट विष पोटात जातंय.

पण ती ३,००० ची मर्यादा तयार अ जीवनसत्त्वासाठी, म्हणजे रेटिनॉलसाठी आहे. गाजरात रेटिनॉल नसतंच. गाजरात त्याचा कच्चा माल असतो. हा कच्चा माल लहान आतड्याच्या अस्तरात एका विकराकडून मधोमध कापला जातो, तेव्हा कुठे अ जीवनसत्त्व होतं. हे विकर म्हणजे कात्री समजा. शरीरात अ जीवनसत्त्व पुरेसं झालं की त्याच जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनोइक आम्ल आतड्याला निरोप देतं आणि कात्री मंदावते. कॅरोटीन आत शोषून घेण्याचं कामही त्याच निरोपाने कमी होतं. म्हणजे १२ ला १ हे प्रमाण जेवणातल्या बेताच्या गाजरासाठी आहे. रस जितका वाढवाल तितका कापला जाणारा वाटा घटत जातो. बाकीचं कॅरोटीन न कापलेलंच रक्तात जातं, चरबीत आणि त्वचेत साठतं, आणि तुमचे तळहात रंगवतं.

तेव्हा तुमच्या हातावर जो पिवळेपणा दिसतो आहे तो अ जीवनसत्त्वाचा नाहीच. जे अ जीवनसत्त्व झालं नाही, त्याचा तो रंग आहे. अ जीवनसत्त्वाची विषबाधा झालेल्या माणसाची लक्षणं वेगळी असतात. डोकं सतत दुखतं, ओठ फुटतात, कातडी कोरडी पडून सोलते, केस गळतात, हाडं-सांधे दुखतात, मळमळ होते, डोक्यातला दाब वाढून दिसायला अंधूक होतं, आणि दीर्घकाळ चाललं तर यकृत खराब होतं. तळहात नारिंगी होणं त्या यादीत नाही. ते झालं म्हणून ही लक्षणं मागोमाग येतात असंही नाही.

रसाने मेलेल्या माणसाची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते. १९७४ साली इंग्लंडमध्ये क्रॉयडनला बेसिल ब्राउन नावाचा ४८ वर्षांचा, आरोग्य-आहाराचा फार ओढा असलेला माणूस यकृत निकामी होऊन गेला. त्याने दहा दिवसांत सुमारे १० गॅलन, म्हणजे ४५ लिटर गाजराचा रस प्यायला होता आणि त्याचं अंग पिवळंधमक झालं होतं. बातमीत रस आणि पिवळा रंग ठळक राहिला. पण त्याच दहा दिवसांत त्याने सुमारे सात कोटी युनिट अ जीवनसत्त्वही घेतलं होतं, आणि ते गाजरातून आलेलं नव्हतं. गाजरामुळे तो पिवळा झाला, अ जीवनसत्त्वामुळे त्याचं यकृत गेलं. दोन गोष्टी एकाच देहात एकाच वेळी घडल्या आणि दोष रंगाच्या माथी आला, कारण रंग दिसतो.

म्हणूनच तुमच्या घरातल्या स्ट्रिपवरचा आकडा मला रसापेक्षा जास्त टोचतो. त्या कॅप्सूलमध्ये तयार रेटिनॉल असतं. ते आतड्यातल्या कात्रीपाशी थांबत नाही, सरळ शोषलं जातं आणि यकृतात साठतं. २५,००० युनिट म्हणजे ७,५०० मायक्रोग्रॅम, रोजच्या कमाल मर्यादेच्या अडीच पट, एका कॅप्सूलमध्ये. ते मोजून घेता येतं हे खरं, पण मोजून घेतलेलं जास्तच असलं तर मोजण्याने काय साधलं? रोज एवढं वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

आणि तुमच्यासाठी यकृताआधी बाळाचा प्रश्न आहे. गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत, बऱ्याचदा पाळी चुकल्याचं कळायच्याही आधी, गर्भाचे हृदय, चेहरा, मेंदू घडू लागतात. या घडणीत अ जीवनसत्त्व लागतं, पण जास्त झालं तर घडण बिघडते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रीसाठी दिवसाला १०,००० युनिट किंवा आठवड्याला २५,००० युनिट यापुढे जाऊ नका असं सांगते, आणि तेही जिथे कमतरता फार आहे तिथे. तुमची मैत्रीण आठवड्याचा डोस रोज घ्यायला सांगते आहे. ही कॅप्सूल अजिबात निरुपयोगी नाही. डॉक्टर कमतरता बघून, दिवस ठरवून ती देतात. पण तुम्ही रोज गाजर, दूध, पालेभाजी खाणाऱ्या बाई आहात, तुम्हाला ती कशासाठी? दुसऱ्या बाळाच्या तयारीत खरं लागतं ते फॉलिक आम्ल, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि ते दिवस राहण्याआधीच सुरू करायचं असतं. त्यासाठी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना या महिन्यातच भेटा आणि ती स्ट्रिपही दाखवा. हे वाचणाऱ्या कोणी अशी कॅप्सूल आधीपासून घेत असतील, तर घाबरून गप्प बसू नका. बंद करा, किती दिवस किती घेतल्या ते लिहून काढा आणि स्ट्रिपसकट डॉक्टरांना सांगा.

आणखी दोन ठिकाणी तयार अ जीवनसत्त्व घरात शिरतं, आणि तिथे कुणाचं लक्ष जात नाही. एक म्हणजे मुरुमांची आयसोट्रेटिनॉइनची गोळी. ती अ जीवनसत्त्वाचीच नातलग आहे, गर्भाला अतिशय घातक आहे, आणि ती बंद केल्यावरही निदान एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात. लग्नघरात 'चेहरा स्वच्छ होतो' म्हणून एकीची गोळी दुसरी घेते, ते कृपा करून होऊ देऊ नका. दुसरी जागा म्हणजे कलेजी. जनावराचं यकृतही अ जीवनसत्त्वाचा साठा करून ठेवतं. आपल्या नागपुरात सावजीच्या पंगतीत कलेजी आवडीने खाल्ली जाते. एरवी अधूनमधून खायला हरकत नाही, पण दिवस राहायची वाट पाहत असाल तर ती तेवढी टाळा. गोळ्यांच्या डब्यावर वाचताना 'रेटिनॉल' किंवा 'रेटिनिल पाल्मिटेट' असं लिहिलं असेल तर ते तयार जीवनसत्त्व, 'बीटा कॅरोटीन' असेल तर कच्चा माल, इतकं ध्यानात ठेवा.

बीटा कॅरोटीन निरुपद्रवी, असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर बीटा कॅरोटीनच्या गोळ्या त्याच्यासाठी नाहीत. फिनलंडमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, रोज २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. ही गोष्ट गोळीची आहे. जेवणातल्या गाजराची भीती घालायला ती वापरू नये.

आता रसाचं काय करायचं ते सांगते. पिवळ्या रंगाने तुम्हाला काही होणार नाही, तरीही तीन ग्लास मी चालू ठेवू देणार नाही, आणि कारण वेगळं आहे. सव्वा किलो गाजरांत पन्नास-साठ ग्रॅम साखर असते. रस काढताना ती बरीचशी ग्लासात उतरते आणि तिला आवरणारा चोथा तुम्ही टाकून देता. सव्वा किलो गाजरं चावून कुणी एका दिवसात खाऊ शकत नाही, रस मात्र पाच मिनिटांत संपतो. आईला मधुमेह आहे आणि तुम्ही पुन्हा गरोदरपणाचा विचार करता आहात, त्यामुळे साखरेचा हा रोजचा मारा नको. रक्त देणारच आहात तर उपाशीपोटीची साखर आणि थायरॉइडसाठी टीएसएचही करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर कॅरोटीन कापण्याचं काम मंदावतं आणि कमी गाजरातही तळहात पिवळे होतात. मधुमेहातही असं दिसतं. तुमच्याकडे सरळ कारण समोर आहे, तरी बाळाच्या तयारीत या दोन्ही तपासण्या तशाही लागतातच.

रसाऐवजी रोज एक मध्यम गाजर पुरेसं आहे. बाईला दिवसाला साधारण ८४० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व लागतं, त्यातलं अर्ध्याहून जास्त तेवढ्या एका गाजरातून मिळतं. ते किसून वर हिंग-मोहरीची फोडणी घाला किंवा भाजीत शिजवा. कॅरोटीन तेला-तुपासोबतच नीट शोषलं जातं, आणि शिजवल्याने किंवा किसल्याने ते पेशींतून मोकळं होतं. नुसतं कच्चं गाजर कुरतडण्यापेक्षा कोशिंबीर म्हणूनच चांगली.

रंग उतरायला वेळ लागेल. रक्तातलं कॅरोटीन आधी खाली येतं, पण त्वचेत मुरलेलं तो थर झडेल तसं जातं, त्याला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागू शकतात. तेवढ्या काळात संत्री, पपई आणि लाल भोपळा यांचा एकदम मारा करू नका. आपल्या संत्र्यातही बीटा क्रिप्टोझँथिन हे कॅरोटीनचंच भावंड असतं आणि भरपूर संत्री खाणाऱ्यांचे तळहातही असेच पिवळे होतात. बंद करायची नाहीत, संत्र्याच्या दिवसांत नागपूरकराला ते सांगणं बरोबरही नाही, पण दिवसाला एक-दोनवर राहा. गाजर कमी करून तीन महिने झाले आणि तरी रंग हलला नाही, तर पुन्हा तपासून घ्या. गाजर-संत्री न खाता कुणाचे तळहात पिवळे झाले असतील, त्यांनी तर थांबूच नये. चेहरा उजळण्याचं म्हणाल, तर ज्याला तुम्ही उजळणं समजत होतात तो बहुधा हाच रंग होता. लग्नापर्यंत तो पूर्ण गेला नाही तर मेहंदीखाली झाकून जाईल.

राहिला मुलगा. चार वर्षांच्या मुलाच्या मानाने अर्धा ग्लास बराच झाला. त्याच्याही नाकाचा शेंडा आणि तळपाय उन्हात बघा, तिथे पिवळट दिसलं तर डोळे बघा. डोळे पांढरे असतील आणि तो खेळत-खात असेल तर रस बंद करून गाजराची भाजी द्या. आणि एक चूक मात्र करू नका. दीड ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी सरकारी कार्यक्रमातून अ जीवनसत्त्वाचा दोन लाख युनिटचा डोस पाजतात. 'याच्या अंगात आधीच जास्त झालंय' म्हणून तो नाकारू नका. त्याच्या पायावरचा रंग त्या डोसाच्या आड येत नाही. अंगणवाडीताईंना किंवा नर्सबाईंना रसाचं सांगा, मागचा डोस कधी झाला तो कार्डावर बघा, आणि सहा महिने झाले असतील तर द्या.